गड्डा जत्रेचा प्रोजेक्ट: परदेशातल्या मुलांसाठी, सोलापूरच्या घरातून (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दिवाळी झाली की आमच्या नात्यातल्या, ओळखीतल्या परदेशातल्या आईबाबांचे मेसेज सुरू होतात, पोरांना मराठी समजतंय पण बोलत नाहीत, सण म्हटलं की फक्त कपडे आणि फोटो, काहीतरी प्रोजेक्ट सांगा. मी सोलापूरला राहते, भाऊ डॅलसला असतो, आणि त्याच्या ९ वर्षांच्या लेकीबरोबर आम्ही इथून जो प्रोजेक्ट केला तोच आता बऱ्याच घरांत चाललाय. सगळ्यांचे प्रश्न जवळपास तेच असतात म्हणून एका जागी लिहून ठेवते.

प्रोजेक्ट नेमका काय आहे?

आमच्या सोलापुरात संक्रांतीला ग्रामदैवत सिद्धेश्वरांची जत्रा भरते, सगळे तिला गड्डा म्हणतात. मुलांनी ही जत्रा आजीआजोबांना विचारून विचारून स्वतःच्या घरात उभी करायची. म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आठ रविवार, दर रविवारी वीस मिनिटांचा एक कॉल, कॉलमध्ये एकच विषय. त्यातून तीन गोष्टी तयार होतात. हॉलमध्ये उभे राहणारे सात छोटे नंदीध्वज, म्हणजे जत्रेच्या मिरवणुकीत निघणाऱ्या उंच सजवलेल्या काठ्या, मुलाने स्वतः देवनागरीत लिहिलेली आठ पानांची वही, आणि संक्रांतीच्या जवळच्या शनिवारी किंवा रविवारी घरच्यांना मराठीत सांगितलेली जत्रेची गोष्ट. बास एवढंच.

हेच का? तिळगूळ, हळदीकुंकू, पतंग हे सोपं नाही का?

सोपं आहे, पण त्यात मुलाला बोलावं लागत नाही. तिळगुळाची वडी आई करते, मूल खातं, "तिळगूळ घ्या गोड बोला" पाठ म्हणतं, झालं. पतंगाची माहिती इंग्रजीत एका मिनिटात सापडते. पण आजी लहान असताना गड्ड्यावर कुणाच्या खांद्यावर बसून गेली, तिने हट्ट करून कुठलं खेळणं घेतलं, हे कुठल्याच साइटवर नाही, ते फक्त आजीच्या डोक्यात आहे आणि आजीला मराठीच येतं. मुलाला ते हवं असेल तर मराठीत विचारण्याशिवाय मार्ग नाही. प्रोजेक्ट निवडताना मी हीच एक गोष्ट बघते, की माहिती अशा माणसाकडे असली पाहिजे ज्याच्याशी दुसऱ्या भाषेत बोलून भागत नाही.

दुसरं म्हणजे गड्डा हा एका दिवसाचा कार्यक्रम नाही. पहिल्या दिवशी यण्णीमज्जन म्हणजे तेलाभिषेक, नंदीध्वज शहराभोवतीच्या ६८ लिंगांना जाऊन येतात, दुसऱ्या दिवशी अक्षता सोहळा, तिसऱ्या दिवशी होम, मग शोभेचं दारूकाम आणि शेवटी कप्पडकळी म्हणजे नंदीध्वजांचं वस्त्र विसर्जन. साधारण १३ ते १७ जानेवारी, पण त्या वर्षीचं वेळापत्रक बघूनच तुमचा शेवटचा दिवस ठरवा. एवढा लांब क्रम असल्यामुळे दर आठवड्याला विचारायला नवीन काहीतरी असतं, आणि मुलाला "पुढे काय झालं" ची ओढ राहते.

कॉल कसा करायचा? आमच्याकडे कॉल म्हणजे "जेवलास का, अभ्यास कसा चाललाय" आणि बाय.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि खरं कारण हेच आहे की आजीलाही काय बोलावं सुचत नाही म्हणून ती अभ्यासाचं विचारते, पोरगं "हो" म्हणतं आणि फोन आईकडे देतं. त्यामुळे या वीस मिनिटांत नियम असा की आजी प्रश्न विचारत नाही, मूल विचारतं. अभ्यास, जेवण, सर्दी हे सगळं आधी किंवा नंतर.

आम्ही एक नियम फार कडक पाळतो, आधी कान मग डोळे. म्हणजे मुलाला जत्रेचा एकही फोटो, एकही व्हिडिओ आधी दाखवायचा नाही. आजी वर्णन करते, मूल ऐकून चित्र काढतं, चित्र कॅमेऱ्यासमोर धरतं, आजी चुका सांगते, मूल दुरुस्त करतं. खरा फोटो कॉल संपल्यावर बाबा दाखवतात. यात भाषा इतकी बाहेर येते की काय सांगू. नंदीध्वजाच्या रविवारी भाचीने पहिल्यांदा झेंड्यासारखी बारीक काठी काढली आणि वर तिकोनी फडकं. आमची आई म्हणाली, "अगं राणी, झेंडा नाही तो, काठी चांगली जाड असते, उंच, घराच्या माडीवरून बघावी लागते." मग पोरगी विचारते, "मग पकडतात कसं?" "एकच माणूस पेलतो, कमरेला बांधून." "पडत नाही?" "पडू नये म्हणून महिनोन् महिने सराव करतात की, रात्री रस्त्यावर." "आजी, तू बघितलंस सराव?" हा शेवटचा प्रश्न कुणी लिहून दिलेला नव्हता. असा प्रश्न आला की समजायचं गाडी रुळावर आली.

फोटो आधी दाखवला तर हे सगळं जातं. मूल म्हणतं "आय नो, आय सॉ इट" आणि विचारायला काही उरतच नाही.

प्रश्न कसे तयार करायचे?

कॉलच्या आधी शुक्रवारी किंवा शनिवारी दहा मिनिटं बसून तीन प्रश्न, मुलाच्याच हाताने, कागदावर. तीनच. ज्याचं उत्तर "हो" किंवा "नाही" येईल तो प्रश्न खोडायचा. "गड्डा मजेशीर असतो का?" याला आजी "हो" म्हणणार आणि शांतता. त्याऐवजी "गड्ड्यावर गेल्यावर आधी कुठे जायचात?" असं विचारलं तर आजी देवळापासून सुरू होते, तळ्यातलं देऊळ, मग होम मैदान, पाळणे, भजी, घरी यायला झालेला उशीर आणि मग आईचा ओरडा, एका दमात पाच मिनिटं. "कुणाबरोबर", "आधी काय, मग काय", "कसं", "तेव्हा तुला काय वाटलं" ह्या सुरुवाती चांगल्या चालतात.

प्रश्न रोमन लिपीत लिहू देऊ नका. रोमनमध्ये लिहिलं की मूल इंग्रजी उच्चाराने वाचतं, त चा ट होतो, ळ गायब होतो. देवनागरी अजून येत नसेल तर लिहूच नका, तीन छोटी चित्रं काढा आणि चित्र बघून प्रश्न विचारू द्या.

आठ रविवार कशाकशाचे?

पहिला रविवार आजीच्या आठवणींचा, कारण तिथे आजी सगळ्यात मोकळी असते. दुसऱ्याला कुंभारकन्येची गोष्ट, ती पुढे सविस्तर लिहिते. तिसरा नंदीध्वज, चौथा यण्णीमज्जन आणि ६८ लिंगं, पाचवा अक्षता, सहावा होम आणि वासराची भाकणूक, सातवा गड्ड्यावरचे स्टॉल आणि पाळणे, आठवा भोगीचं जेवण. क्रम बदलला तरी चालतो पण गोष्ट लवकर यायला हवी, तिच्याशिवाय अक्षता कसल्या आणि होम कसला हे मुलाला कळत नाही.

सहावा रविवार मुलांना फार आवडतो. होमाच्या रात्री वासराला दिवसभर उपाशी ठेवून त्याच्यासमोर धान्य वगैरे ठेवतात आणि ते काय करतं, कशाला तोंड लावतं, बिचकतं का, यावरून येत्या वर्षी पाऊसपाणी कसं असेल ते सांगतात. मुलं लगेच विचारतात की वासराला परत खायला कधी देतात. आजीला याचं उत्तर द्यायला मजा येते. आमच्या भाचीला तर त्या वासराची काळजी लागून राहिली होती, पुढच्या दोन्ही कॉलला सुरुवात वासरापासूनच.

कुंभारकन्येची गोष्ट मुलाला कशी सांगायची? आम्हालाच नीट माहीत नाही.

तुम्ही सांगू नकाच, आजीला सांगू द्या, पण तुम्हाला माहीत असावी म्हणून थोडक्यात. सिद्धरामेश्वर हे १२ व्या शतकातले शिवयोगी, सोलापूरचं तळं त्यांनी खोदून घेतलं असं मानतात, त्याच तळ्यात आज देऊळ आहे. एक कुंभाराची मुलगी रोज पहाटे येऊन त्यांच्या दारात सडा घालायची, रांगोळी काढायची. तिला त्यांच्याशीच लग्न करायचं होतं. ते योगी, लग्न करणार नव्हते, पण तिचं मनही मोडायचं नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लाव म्हणून सांगितलं. तो विवाह म्हणजे आजचा अक्षता सोहळा, संमती कट्ट्यावर होतो, आणि त्यानंतर होमाला बाजरीच्या पेंढीची कुंभारकन्या करून तिला साडी मणी नेसवून अग्नी देतात.

आता हे मुलापुढे कसं जातं ते बघा. आजीने "सडा घालायची" म्हटलं की मुलाला सडा माहीत नसतो. इथे आईबाबांच्या तोंडातून पटकन इंग्रजी येतं आणि तिथेच सगळं संपतं. आमच्याकडे भाऊ खोलीतच नव्हता त्यामुळे आजीलाच समजवावं लागलं. ती म्हणाली, "अंगणात शेणाचं पाणी शिंपडतात गं." "शेण म्हणजे काऊचं?" "हो, गाईचं." "ईईई, का?" "धूळ बसते, मग वर रांगोळी उठून दिसते." पुढे पाच मिनिटं नुसतं शेणच. मग भाची स्वतः म्हणाली, "मग तिने हात धुतले ना?" आणि आजी हसून हसून बेजार. गोष्ट त्या रविवारी अर्धीच झाली, उरलेली पुढच्या रविवारी. घाई करू नका, एक रविवार वाढला तरी चालेल.

शेवटी होमाचा भाग आला की लहान मुलं घाबरू शकतात, तिला खरंच जाळलं का विचारतात. आजीला आधी सांगून ठेवा की बाजरीची पेंढी आहे हे आधी सांग, मग अग्नीचं सांग. सात वर्षांखालच्या मुलाला अक्षतांपर्यंतच गोष्ट पुरे.

आईबाबांनी कॉलमध्ये बसायचं का?

पहिल्या कॉलला पाच मिनिटं, फोन नीट लावून देण्यापुरतं. मग दुसऱ्या खोलीत. आई शेजारी असली की मूल आईकडे बघून इंग्रजीत विचारतं आणि आई दुभाष्या होते, आजी आणि नात यांच्यात सरळ काहीच जात नाही. अगदीच अडलं तर मूल हाक मारेल, तेव्हा या.

मूल मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देतं. आजीने काय करायचं?

आजीने "मराठीत बोल" असं म्हणायचं नाही, दोनदा म्हटलं की तिसऱ्या कॉलला मूल येतच नाही. तिने तेच वाक्य मराठीत हळूच परत म्हणायचं आणि पुढे जायचं. मूल म्हणालं, "इट इज टू हेवी", आजी म्हणेल, "हो ना, किती जड आहे, एकट्याने कसा पेलायचा." बहुतेक वेळा मूल पुढच्या वाक्यात "जड" उचलतं. उचललं नाही तर सोडून द्या, परत येईल.

व्याकरणाच्या चुकांचंही तेच. "आजी गेला" म्हणालं तर आजी "हो, मी गेले" म्हणून उत्तर देते, थांबवत नाही.

आमची आजी सोलापुरी बोलते, "काय करलालास", "कुठं चाललाव" असं. मूल तसंच शिकलं तर?

शिकू द्या. घरची भाषा आधी, पुस्तकातली नंतर वहीत येतेच. एवढंच करा की वही लिहिताना आजीचं बोलणं अवतरणात जसंच्या तसं लिहायचं आणि मुलाचं स्वतःचं वाक्य पुस्तकी लिहिलं तरी चालेल. मुलांना हा फरक आपोआप समजतो, ते शाळेत आणि घरी दोन प्रकारचं इंग्रजी बोलतातच की.

आणखी एक, जत्रेत कानडी फार येतं. यण्णीमज्जन, कप्पडकळी, अक्षतांच्या वेळचं "दिड्डम दिड्डम" हे सगळं मराठी नाही, सिद्धरामेश्वरांची वचनं कानडीत आहेत आणि सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू एकाच गल्लीत ऐकू येतात. मूल विचारेल तेव्हा हे सांगा, त्यांना कळतं, कारण त्यांच्याही वर्गात चार भाषांची मुलं असतात.

कॉलची वेळ कशी जमवायची?

आजीला उजेडाची किंवा जेवणाआधीची वेळ बरी पडते आणि मूल ताजंतवानं हवं. डॅलसहून हिवाळ्यात रविवारी सकाळी साडेआठ म्हणजे इथे रात्रीचे आठ. लंडनहून दुपारी दोन म्हणजे इथे साडेसात. सिडनीहून दुपारी दोन म्हणजे इथे सकाळी साडेआठ, त्यांचं सगळ्यात सोपं.

घोळ होतो तो घड्याळं बदलतात तेव्हा. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं, इथे काहीच बदलत नाही, आणि आजी तयार होऊन तासभर फोनसमोर बसून राहते. म्हणून सुरुवात घड्याळ बदलल्यानंतरच करा. आणि आजीला नेहमी इथली वेळ सांगा, "आमच्या साडेआठला" असं सांगू नका.

रेकॉर्डिंग कसं करायचं?

आजीला आधी विचारा, हे पहिलं. बहुतेक आज्या हो म्हणतात पण विचारलं की त्यांना बरं वाटतं, आणि एखादा घरगुती विषय निघाला तर बंद करायला सांगता येतं. व्हॉट्सअॅपचा कॉल आपोआप रेकॉर्ड होत नाही, त्यामुळे सोपा उपाय म्हणजे शेजारी दुसरा फोन ठेवून त्यातलं व्हॉइस रेकॉर्डर सुरू करायचं, कॉल स्पीकरवर. झूम वापरत असाल तर फुकटच्या अकाउंटवर मीटिंग ४० मिनिटांची असते, आपल्याला वीसच पाहिजेत. फाइलला तारखेने नाव द्या म्हणजे क्रम लागतो, उदाहरणार्थ:

```
2025-11-30_aaji_nandidhwaj.m4a
```

इथल्या बाजूला कुणीतरी असेल तर आजीच्या घरातला टीव्ही आणि पंखा बंद करायला सांगा. पंख्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये इतका येतो की नंतर मुलाला ऐकून लिहिता येत नाही. हे रेकॉर्डिंग घरापुरतंच ठेवा.

वही कशी लिहायची? मुलाला लिहिता येत नाही / येतं पण कंटाळतं.

एका कॉलचं एक पान. पूर्ण कॉल लिहायचा नाही. मुलाने रेकॉर्डिंग ऐकायचं आणि आजीचं आवडलेलं एक वाक्य निवडायचं, तेवढं एकच शब्दशः लिहायचं. एक वाक्य ऐकून लिहायला मुलाला तीनतीनदा थांबवून ऐकावं लागतं आणि तिथेच कान तयार होतो, जोडाक्षरं कळतात. त्याखाली स्वतःची दोन वाक्यं आणि ते दुरुस्त केलेलं चित्र. आमच्या नंदीध्वजाच्या पानावर पहिलं चुकलेलं चित्र पण चिकटवलंय, खाली नवीन, आणि आजीचं वाक्य "झेंडा नाही तो". छान दिसतं.

चार ते सहा वर्षांचं मूल असेल तर वाक्य तुम्ही फिक्या पेन्सिलने लिहा, त्याने वरून गिरवायचं. अकरा बाराच्या पुढच्यांना हाताने लिहायला लाज वाटते, त्यांना फोनवर मराठी कीबोर्ड टाकून टाइप करू द्या. बोलून टाइप करायची सोय वापरू दिली तर एक फायदा होतो, उच्चार चुकला की चुकीचा शब्द उमटतो आणि मूल स्वतःच परत नीट म्हणतं.

सात नंदीध्वज घरात कसे उभे करायचे?

बागकामाच्या दुकानात रोपांना आधार द्यायच्या बांबूच्या काठ्या मिळतात, साधारण ९० सेंटिमीटरच्या, त्या सात घ्या. दह्याचे एक किलोचे रिकामे डबे सात, त्यात ओली वाळू किंवा प्लास्टर भरून काठी मधोमध उभी करायची. नुसत्या कोरड्या वाळूत काठी कलते आणि मांजर किंवा लहान भाऊ असेल तर संध्याकाळपर्यंत सगळ्या आडव्या, म्हणून प्लास्टर बरं, फक्त रात्रभर सुकू द्या. सजावट काय करायची ते मुलाने आजीला विचारायचं. अक्षतांच्या दिवशी नंदीध्वजांना बाशिंग बांधतात, होमाच्या दिवशी पहिल्या काठीला नागफणी बांधतात आणि दिव्यांची रोषणाई असते. मुलांना ही नागफणी पुठ्ठ्याची करायला खूप आवडतं आणि नाताळातले उरलेले छोटे दिवे इथे कामाला येतात.

मानकरी पांढरी बाराबंदी घालतात. तुमच्याकडे नसणार, पांढरा कुर्ता चालतो.

सातही काठ्या एकाच दिवशी करू नका. तिसऱ्या रविवारनंतर दर आठवड्याला एकदोन, म्हणजे हॉलमध्ये रांग वाढत जाते, येणारे पाहुणे विचारतात आणि मुलाला उत्तर द्यावं लागतं. मुलाला आमची गल्ली, आमचं तळं माहीत नसलं तरी "ही माझी काठी" हे माहीत असतं.

भोगीचं काय? आमच्याकडे बाजरी मिळत नाही.

भारतीय दुकानात पीठ मिळतं, पण बघून घ्या, बाजरीचं पीठ जुनं झालं की कडू लागतं. चिमूटभर जिभेवर ठेवून बघा, कडू असेल तर ते वापरू नका, मुलाची पहिलीच भाकरी कडू लागली तर परत तोंड लावत नाही. भाकरी थापताना तुटत असेल तर पीठ कढत पाण्यात मळा, आणि मुलाला छोटीच, पुरीएवढी थापू द्या, वरून तीळ लावायचे काम पूर्ण त्याचं. भाजीत वांगं, गाजर, ओला हरभरा, घेवडा, जे मिळेल ते, तीळ आणि शेंगदाण्याचं कूट. ओला हरभरा नसेल तर फ्रोजन मटार घाला, आजी रागावत नाही.

आठव्या रविवारी कॉल स्वयंपाकघरातून करा, फोन टेकवून ठेवा आणि आजीला मुलाच्या हाताकडे बघून सांगू द्या. "पाणी घाल, अजून, अजून, बास बास" असं चाललेलं असतं आणि मूल इंग्रजीत उत्तर द्यायचं विसरूनच जातं, हात पिठात असतात ना.

हे शाळेत नेता येईल का? शिक्षक विचारतात.

गोष्ट आणि एक नंदीध्वज न्या, खाऊ नेऊ नका. शेंगदाणे बऱ्याच शाळांत चालत नाहीत आणि तिळाचीही अॅलर्जी असते, अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा पॅकेटवर लिहावाच लागणाऱ्या अॅलर्जीच्या पदार्थांत आहे. तिळगूळ न्यायचाच असेल तर आधी शिक्षकांना लिहून विचारा. शेंगाचटणी तर घरीच बरी.

शेवटच्या दिवशी काय करायचं?

सोलापुरात अक्षता दुपारी पडतात, तेव्हा अमेरिकेत मध्यरात्र, त्यामुळे लाइव्ह बघायच्या भानगडीत पडू नका, मिरवणुकीचे व्हिडिओ त्याच दिवशी येतात, ते दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. मूल आता पहिल्यांदा खरं दृश्य बघत नसतं, आपण काढलेलं चित्र खरं निघालं का ते तपासत असतं, स्क्रीनवर बोट ठेवून "ती नागफणी, ती बघ" म्हणतं.

मग शनिवारी किंवा रविवारी कार्यक्रम. दोनतीन घरं बोलवा, जास्त नको. आजी व्हिडिओवर. मूल एकेक काठीजवळ उभं राहून एकेक पान सांगतं, पाठ नाही, चित्र बघून. पाठ करून घेतलं की एक शब्द अडला की सगळंच अडतं. अक्षतांच्या पानाला सगळ्यांच्या हातात तांदूळ द्या आणि "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" चा गजर मुलालाच सुरू करू द्या.

प्रोजेक्ट चालतोय की नाही हे कसं कळायचं?

शब्द मोजू नका. मूल कागदावर नसलेला प्रश्न विचारतं का, हे बघा. दुसरं, कॉलच्या दिवसाव्यतिरिक्त "आजीला हे सांगू या" असं कधी म्हणतं का. चौथ्या रविवारपर्यंत यातलं काहीच नसेल तर बहुतेक प्रश्न तुम्ही लिहून देताय किंवा खोलीत बसताय. ते थांबवा. तरी नाही तर विषय बदला, क्रिकेट आवडणाऱ्या एका मुलाने सातव्या रविवारी आजोबांकडून गड्ड्यावरच्या पाळण्यांऐवजी त्यांच्या गल्लीतल्या क्रिकेटचंच काढून घेतलं, त्याची वही निम्मी क्रिकेटनेच भरलीय, आणि ते ठीक आहे.

आजीआजोबा नाहीत, किंवा आम्ही सोलापूरचे नाही.

तुमच्या गावची जत्रा घ्या, प्रत्येक गावाला असतेच, पालखी, बगाड, यात्रा, उरूस, काहीही. नियम तेच, माहिती एका मराठी माणसाकडे, आधी कान मग डोळे. आजी नसेल तर आत्या, मामी, शेजारच्या काकू. माझ्यासारख्या आत्या तयार असतात, विचारून बघा. फक्त एकच माणूस ठेवा, दर आठवड्याला नवीन माणूस आला की मूल परत लाजतं.

आईबाबांपैकी एकाला मराठी येत नाही.

त्यांना श्रोता करा. दर कॉलनंतर मुलाने त्यांना काय कळलं ते स्वतःच्या भाषेत सांगायचं. मूल माहितगार आणि पालक शिकणारे, हे मुलांना फार आवडतं.

संक्रांत हुकली, आत्ता फेब्रुवारी आहे.

२७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन, ही तारीख धरा आणि चारच रविवार करा, आठवणी, गोष्ट, नंदीध्वज आणि भाकरी. किंवा रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतोच, त्या वर्षीची तिथी बघून कार्यक्रम तिला जोडा. पुढच्या वर्षी मात्र फराळ संपल्यासंपल्या आजीला फोन करून रविवार ठरवून टाका, कारण डिसेंबरमध्ये इथे लग्नं सुरू होतात आणि आजी सापडत नाही.